कोलेस्टेरॉल कमी पडतं तेव्हा

पायाच्या अंगठ्याशेजारची दोन बोटं कातडीने एकमेकांना जोडलेली असणं यात तसं काही विशेष नाही. पुष्कळ धडधाकट माणसांची ती तशी असतात आणि बूट घालताना कुणाच्या लक्षातही येत नाही. पण तान्ह्या बाळाची बोटं अशी जोडलेली आहेत, डोकं वयाच्या मानाने लहान आहे, टाळू दुभंगलेला आहे, त्याला दूध ओढता येत नाही, आणि मुलगा असूनही जननेंद्रियं नीट घडलेली नाहीत, असं सगळं एकत्र दिसलं तर बालरोगतज्ज्ञाच्या मनात एका दुर्मीळ आजाराचं नाव येतं. 1964 साली डेव्हिड स्मिथ, ल्यूक लेमली आणि जॉन ओपित्झ या डॉक्टरांनी एकमेकांशी नातं नसलेल्या तीन मुलांमध्ये हे चित्र पाहिलं आणि त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. आजाराला त्या तिघांचीच नावं मिळाली: स्मिथ-लेमली-ओपित्झ सिंड्रोम. कारण मात्र पुढची जवळपास तीस वर्षं कुणालाच ठाऊक नव्हतं.

ते 1993 मध्ये सापडलं. अमेरिकेतल्या काही संशोधकांनी अशा मुलांच्या रक्तातले स्निग्ध पदार्थ बारकाईने वेगळे करून पाहिले. कोलेस्टेरॉल फारच थोडं होतं. आपण ज्या आकड्याला घाबरतो तो 200 किंवा 240 असतो. यातल्या काही मुलांचं एकूण कोलेस्टेरॉल डेसिलिटरमागे 10 मिलिग्रॅमच्याही खाली असतं, आणि इतकं खाली गेलेली बाळं बहुधा जगत नाहीत. कोलेस्टेरॉल वाढल्यावर काय होतं हे घरोघरी माहीत आहे. ते मिळालंच नाही तर काय होतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही, म्हणून या लेखात मी त्याचाच हात धरून पुढे जाणार आहे.

कोलेस्टेरॉल शरीर स्वतः बनवतं. बहुतेक प्रत्येक पेशीला ते बनवता येतं, आणि यकृत त्यात आघाडीवर असतं. ॲसिटेट नावाच्या अगदी लहान तुकड्यापासून सुरुवात करून सुमारे तीस टप्प्यांनी सत्तावीस कार्बन अणूंचा, चार कड्या एकमेकींना चिकटलेला रेणू तयार होतो. ही वाट उलगडल्याबद्दल कॉनराड ब्लॉक आणि फिओडोर लिनेन यांना नोबेल मिळालं तेही 1964 सालीच. तेव्हा कुणाला कल्पना नव्हती की त्याच वर्षी वर्णन झालेली ती तीन मुलं याच वाटेच्या टोकाला अडकलेली आहेत. त्यांच्यात बिघडलेलं असतं ते शेवटच्या टप्प्याचं एन्झाइम. त्याआधीचा रेणू, 7-डिहायड्रोकोलेस्टेरॉल, तयार होतो. पण त्यातला एक दुहेरी बंध काढून टाकला की जे कोलेस्टेरॉल होतं, ते होत नाही. शेवटून दुसरा रेणू साचत राहतो आणि शेवटचा कमी पडतो.

यात निदानाची एक मेख आहे. दवाखान्यात होणारी नेहमीची कोलेस्टेरॉल तपासणी या दोन रेणूंत फरक करत नाही. दोन्हींना मिळून ती कोलेस्टेरॉलच म्हणते. त्यामुळे सौम्य आजार असलेल्या मुलाचा रिपोर्ट चक्क नॉर्मल येऊ शकतो. शंका असेल तर 7-डिहायड्रोकोलेस्टेरॉल वेगळं मोजणारी खास चाचणी सांगावी लागते. आजार दुर्मीळ आहेच. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण वीस ते चाळीस हजार जन्मांमागे एक असा त्याचा अंदाज दिला जातो. आशियाई लोकांत तो त्याहूनही कमी दिसतो.

आता या बाळांचं नेमकं काय चुकतं?

पहिलं, पेशीचं आवरण. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध रेणूंचा दुहेरी पापुद्रा असतो. नुसत्या स्निग्ध रेणूंचं आवरण तापमानावर फार अवलंबून राहिलं असतं. थंडीत डब्यातलं तूप थिजतं आणि उन्हाळ्यात त्याचं पाणी होतं, तसंच काहीसं. कोलेस्टेरॉलचा रेणू या स्निग्ध रेणूंच्या मधे उभा शिरतो. त्याच्या चार कड्या ताठ असतात, त्यामुळे शेजारचे रेणू फार सैरावैरा हलत नाहीत. आणि तो मधेच असल्यामुळे ते एकमेकांना पूर्ण चिकटून घट्टही होत नाहीत. तांबड्या रक्तपेशीच्या आवरणात तर कोलेस्टेरॉलच्या रेणूंची संख्या मुख्य स्निग्ध रेणूंच्या जवळपास बरोबरीची असते. आवरणात बसवलेली प्रथिनं, म्हणजे संदेश घेणारी, क्षार आतबाहेर करणारी, नीट काम करतात ती या बेताच्या ताठरपणामुळे. एक दुहेरी बंध जास्त असलेलं 7-डिहायड्रोकोलेस्टेरॉल त्या जागी बसतं खरं, पण ते हवेतल्या प्राणवायूने आणि उन्हाने लवकर बिघडतं, आणि त्यातून निघणारे पदार्थ पेशीला विषारी असतात. या मुलांना थोड्याशा उन्हानेही कातडीवर लाली येते, त्यामागे हाच साचलेला रेणू असावा असं मानलं जातं.

कोलेस्टेरॉलची सर्वांत मोठी गिऱ्हाईक मेंदू आहे. वजनाने तो शरीराचा जेमतेम पन्नासावा भाग, पण शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलचा चौथा-पाचवा हिस्सा त्याच्यात असतो. बराचसा मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या वेष्टणात. आणि मेंदू हे कोलेस्टेरॉल रक्तातून घेत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधली आडभिंत ते ओलांडू देत नाही, मेंदूला स्वतःचं स्वतःच बनवावं लागतं. स्मिथ-लेमली-ओपित्झ असलेल्या मुलांवर उपचार म्हणून कोलेस्टेरॉल देतात, अंड्याच्या पिवळ्या बलकातून किंवा शुद्ध पूड तेलात वा पाण्यात मिसळून. रक्तातला आकडा वर येतो, वाढ थोडी सुधारते, उन्हाचा त्रास कमी होतो. पण बुद्धीत आणि वागण्यात पालक ज्याची वाट पाहत असतात तो फरक बहुधा पडत नाही. दिलेलं कोलेस्टेरॉल मेंदूच्या दारातच थांबतं.

दुसरी गोष्ट गर्भातली आहे. हातापायांची बोटं किती आणि कुठे, मेंदूचे डावे-उजवे भाग कसे अलग व्हायचे, हे ठरवणारा एक संदेशवाहक प्रथिनांचा गट आहे. शास्त्रज्ञांनी त्याला हेजहॉग असं गमतीदार नाव दिलं आहे. 1996 मध्ये असं दिसून आलं की हे प्रथिन तयार होताना त्याच्या टोकाला कोलेस्टेरॉलचा एक रेणू रासायनिक बंधाने जोडला जातो. शिवाय ज्या पेशीला हा संदेश मिळतो तिलाही तो नीट वाचायला कोलेस्टेरॉल लागतं. म्हणजे जोडलेली बोटं, दुभंगलेला टाळू, लहान डोकं ही लक्षणं एरवी एकमेकांपासून लांबची वाटतात, पण त्यांचं मूळ एकाच जागी येऊन मिळतं.

मुलग्यांची जननेंद्रियं अपुरी का राहतात, याचं उत्तर संप्रेरकांत आहे. अधिवृक्क ग्रंथीतलं कॉर्टिसॉल, क्षार-पाण्याचा तोल राखणारं आल्डोस्टेरॉन, पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन, स्त्रियांची इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन, ही सगळी कोलेस्टेरॉलच्याच चार कड्यांची रूपं आहेत. पेशीच्या मायटोकाँड्रियात कोलेस्टेरॉलची शेपटी कापली जाते, तिथून प्रेग्नेनोलोन बनतं, आणि पुढे ग्रंथीप्रमाणे वाटा फुटतात. मालच कमी असेल तर गर्भातला टेस्टोस्टेरॉन कमी पडतो. हे आईच्या रक्तातही दिसू शकतं: गरोदरपणातल्या रक्तचाचणीत इस्ट्रिऑल मोजतात, आणि ते बनायला गर्भाच्या ग्रंथींनी पुरवलेला कच्चा माल लागतो. म्हणून या चाचणीत इस्ट्रिऑल फारच कमी आलं तर त्याच्या अनेक कारणांत हा आजारही मोजला जातो. इथे एक प्रमाण ध्यानात ठेवण्यासारखं आहे. या सगळ्या संप्रेरकांना मिळून रोज काही दहा मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल पुरतं, म्हणजे एका अंड्यातल्यापेक्षाही पुष्कळ कमी. 'कोलेस्टेरॉल उतरवलं की संप्रेरकं संपतील' असं सांगणारे हे प्रमाण सांगत नाहीत.

ड जीवनसत्त्वाची गोष्ट थोडी वाकडी आहे. कोलेस्टेरॉलपासून ड जीवनसत्त्व बनतं, असं सर्रास लिहिलं जातं. नेमकं बोलायचं तर ते कोलेस्टेरॉलपासून नव्हे, तर त्याच शेवटून दुसऱ्या रेणूपासून, 7-डिहायड्रोकोलेस्टेरॉलपासून बनतं. कातडीत तो असतोच. उन्हातले अतिनील किरण त्याची एक कडी उघडतात, शरीराच्या उबेत तो वळून जीवनसत्त्वाचं रूप घेतो, आणि मग यकृत आणि मूत्रपिंड त्याला एकेक ऑक्सिजन जोडून कामाला लावतात. म्हणजे एकाच रेणूपासून दोन फाटे निघतात: एन्झाइम लागलं तर कोलेस्टेरॉल, ऊन लागलं तर ड जीवनसत्त्व. स्मिथ-लेमली-ओपित्झच्या मुलांत पहिला फाटा बंद असतो, दुसरा नाही, त्यामुळे त्यांना ड जीवनसत्त्वाचा तुटवडा सहसा नसतो. आणि आपल्याकडे एलडीएल भरपूर पण ड जीवनसत्त्व तळाला, असे रिपोर्ट पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांतून रोज निघत असतात. तिथे कोलेस्टेरॉलची चणचण नसते, उन्हाची असते.

इतका गरजेचा पदार्थ, तर मग डॉक्टर तो कमी करायला का सांगतात?

आधी थोडा हिशोब. प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण शे-सव्वाशे ग्रॅमच्या आसपास कोलेस्टेरॉल असतं. लिपिड प्रोफाइलचा कागद मात्र फक्त रक्तातलं सांगतो. रक्तातला पातळ भाग साधारण तीन लिटर, म्हणजे तीस डेसिलिटर. दर डेसिलिटरला 200 मिलिग्रॅम धरलं तर सगळं मिळून सहा ग्रॅम. उरलेलं पेशींच्या आवरणांत, मेंदूत, ग्रंथींत आहे. रिपोर्टमधला आकडा म्हणजे शरीराचा साठा नव्हे, वाटेवर असलेला माल. तो कमी केला म्हणून साठा तेवढाच कमी होत नाही. हा फरक विसरला की दोन्ही बाजूंची माणसं चुकतात: कोलेस्टेरॉलला विष म्हणणारी, आणि ते शरीराला लागतं म्हणून एलडीएल 190 असलं तरी चालेल म्हणणारी.

कोलेस्टेरॉल तयार होण्याची वाट औषधाने अडवायची कल्पना पहिल्यांदा बाजारात आली ती 1960 मध्ये, अमेरिकेत, ट्रायपॅरॅनॉल या औषधाच्या रूपाने. ते ती वाट जवळजवळ शेवटीच अडवत होतं. कोलेस्टेरॉलचा आकडा उतरला, पण त्याच्या जागी डेस्मोस्टेरॉल नावाचा अलीकडचा रेणू साचू लागला. लोकांचे केस गळले, कातडी खवल्यांसारखी झाली, आणि काहींच्या डोळ्यांत मोतीबिंदू आले. 1962 मध्ये औषध मागे घेण्यात आलं. प्राण्यांवरच्या चाचण्यांचे निष्कर्ष कंपनीने लपवले होते, हेही नंतर उघड झालं. औषधाने जे केलं ते स्मिथ-लेमली-ओपित्झमध्ये जन्मतःच घडतं त्याच्या जवळपास होतं: टोकाशी अडवलेली वाट आणि मागे साचलेला भलताच रेणू.

जपानमध्ये अकिरा एंडो यांनी सुमारे सहा हजार बुरश्या तपासल्या आणि 1973 मध्ये पेनिसिलियमच्या एका जातीतून एक वेगळा पदार्थ मिळवला. तो ही वाट अगदी सुरुवातीला अडवतो. तिथे मागे साचणारा पदार्थ पाण्यात विरघळणारा असल्याने पेशी त्याचा निकाल लावू शकते. स्टॅटिन या औषधांचा जन्म इथून झाला. ती कशी काम करतात हे कळायला मात्र डॅलसच्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांच्या शोधाची गरज होती. पेशीच्या पृष्ठभागावर एलडीएलचे कण ओढून आत घेणारे ग्राहक-रेणू असतात, हे त्यांनी दाखवलं; 1985 चं नोबेल त्यासाठी. स्टॅटिनमुळे यकृताच्या पेशीत कोलेस्टेरॉल बनणं थोडं मंदावतं. पेशीला तुटवडा जाणवतो. तो तिला परवडत नाही, म्हणून ती आणखी ग्राहक-रेणू बाहेर काढते आणि रक्तातले एलडीएल कण भराभर आत ओढते. रक्तातला आकडा उतरतो तो यामुळे. गंमत अशी, की कोलेस्टेरॉलची पेशीला इतकी निकड नसती तर हे औषध चाललंच नसतं.

पित्ताच्या बाजूनेही हीच युक्ती करता येते. कोलेस्टेरॉलच्या कड्या मोडून त्यांची ऊर्जा करणारं कुठलंच एन्झाइम आपल्याकडे नाही. साखर जळते, चरबी जळते, कोलेस्टेरॉल जळत नाही. त्यामुळे ते बाहेर टाकायची मोठी वाट एकच: यकृतातून पित्तात आणि तिथून आतड्यात. त्यातलं काही कोलेस्टेरॉल जसंच्या तसं जातं, उरलेल्याची पित्ताम्लं होतात. पित्ताम्लं साबणासारखी वागतात, तेला-तुपाचे बारीक थेंब करतात, तेव्हा कुठे ते पचतं, आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही तेव्हाच शोषली जातात. शरीरात पित्ताम्लांचा साठा दोन ते चार ग्रॅमच असतो, पण तो दिवसाला सहा-आठ फेऱ्या मारतो. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात सुमारे 95 टक्के पित्ताम्लं परत शोषली जाऊन यकृताकडे येतात. रोज अर्धा ग्रॅमभर जी सुटतात, ती भरून काढायला यकृत तेवढं कोलेस्टेरॉल खर्च करतं. आता ही पित्ताम्लं आतड्यातच धरून ठेवली तर? कोलेस्टिरामीनची पूड हेच करते. इसबगोलाचा चिकट गरही थोड्या प्रमाणात हेच करतो. त्याने एलडीएल थोडंसं उतरतं, फार नाही. यकृताला पित्त नव्याने करावं लागतं, त्यासाठी ते कोलेस्टेरॉल शोधतं, आणि पुन्हा रक्तातले एलडीएल कण आत ओढले जातात. तोल बिघडून पित्तात कोलेस्टेरॉल जास्त आणि पित्ताम्लं कमी झाली की ते पित्ताशयात खड्यांच्या रूपाने बसतं. कोलेस्टेरॉल माणसाला प्रथम सापडलं तेही अठराव्या शतकात अशाच खड्यांमध्ये.

जे एलडीएल पेशी आत घेत नाहीत ते काय करतं, हे ब्राउन आणि गोल्डस्टीन यांच्या पेशंटांनीच दाखवलं. ज्या मुलांना आई आणि वडील दोघांकडून ग्राहक-रेणूचा सदोष जनुक मिळतो, त्यांच्या रक्तात एलडीएल पाचशे-सहाशेच्या पुढे जातं. कोपरांवर, गुडघ्यांवर पिवळसर गाठी येतात आणि उपचार नसतील तर शाळेच्या वयात हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. त्यांना ना मधुमेह असतो, ना ती सिगारेट ओढतात. रक्तात लांबलेला एलडीएलचा मुक्काम धमनीच्या भिंतीत शिरतो, एवढं एकच कारण तिथे पुरतं. एकाच पालकाकडून सदोष जनुक मिळालेली माणसं मोठी होतात, पण कित्येकांना चाळिशी-पन्नाशीत त्रास सुरू होतो. घरात अशा वयात कुणाला झटका आला असेल तर भावंडांनी आणि मुलांनी एलडीएल एकदा तपासून घ्यावं ते याचसाठी.

खाण्याबद्दल थोडंसंच. शेंगदाणा, करडई, तीळ, कुठल्याच वनस्पतीच्या तेलात मुळात नाव घेण्याजोगं कोलेस्टेरॉल नसतं, त्यामुळे पिशवीवरच्या 'कोलेस्टेरॉल-मुक्त' या शिक्क्याने फार हरखून जायचं कारण नाही. वनस्पती तुपातही ते नव्हतं. नुकसान त्यातल्या ट्रान्स फॅटने केलं. एका अंड्याच्या बलकात 180-200 मिलिग्रॅम असतं, शरीर रोज स्वतः बनवतं त्याहून बरंच कमी, आणि बाहेरून जास्त आलं की बहुतेकांचं यकृत स्वतःचं काम आवरतं घेतं. बहुतेकांचं एलडीएल जास्त वर जातं ते साय, लोणी, खोबरेल आणि पाम तेल यांतल्या संपृक्त चरबीने, कारण ती यकृतावरचे ग्राहक-रेणू कमी करते.

मग एलडीएल किती खाली गेलं तर धोका? नवजात बाळाच्या नाळेतल्या रक्तात ते जेमतेम 30 च्या आसपास असतं, आणि आयुष्यात मेंदू सर्वांत वेगाने वाढतो तो तेव्हाच. 2006 मध्ये डॅलसच्याच संशोधकांनी एका 32 वर्षांच्या कृष्णवर्णीय स्त्रीचं वर्णन प्रसिद्ध केलं. ग्राहक-रेणूंची मोडतोड करणारं पीसीएसके-9 हे प्रथिन तिच्यात जन्मतःच नव्हतं. त्यामुळे ग्राहक-रेणू टिकून राहत आणि एलडीएल भराभर उचललं जाई. तिचं एलडीएल होतं 14. तिच्या यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या ठीक होत्या, तिला मुलं झालेली होती, महाविद्यालयाचं शिक्षण झालं होतं, आणि ती एरोबिक्स शिकवत होती. तिच्या पेशींचं स्वतःचं कोलेस्टेरॉल बनवण्याचं काम शाबूत होतं. हे प्रथिन अडवणारी इंजेक्शनं आता भारतातही मिळतात.